सेलूचा माणूस परभणीत

नकाशावर परभणी जिल्ह्यात एक लाल टिंब होतं. आमच्या यादीतलं प्रत्येक टिंब म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला एक माणूस, आणि आमची यादी फक्त वर्धा जिल्ह्याची. मी त्या टिंबावर बोट ठेवलं तेव्हा पत्ता उघडला: `Selu, Maharashtra`. मला हसू आलं आणि मग जरा रागही आला. कारण मी स्वतः सेलूची आहे. वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की लागतं ते सेलू.

वर्ध्यातल्या एका छोट्या संस्थेत मी तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. डोळ्यांची शिबिरं व्हायची, ऑपरेशनं व्हायची, आणि नंतर आठवड्याने आणि महिन्याने एक गाडी गावोगाव जाऊन डोळे तपासून यायची. गाडी एकच. तिने कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला जायचं, हे पूर्वी ड्रायव्हर भाऊ डोक्यातच ठरवायचे. माणसं वाढली तसं ते जमेना. म्हणून साहेबांनी मला सांगितलं, सगळे पत्ते नकाशावर टाक, मग रस्ता आपोआप दिसेल.

पत्त्यावरून नकाशावरची जागा शोधून काढणं, म्हणजे अक्षांश-रेखांश मिळवणं, याला जिओकोडिंग म्हणतात. तुम्ही फोनवर एखादं गाव टाइप करता आणि नकाशा तिथं उडी मारतो, ते हेच. एका गावासाठी हे सोपं वाटतं. शिबिरात घाईघाईने, चार वेगवेगळ्या लोकांनी, कधी इंग्रजीत तर कधी मराठीत लिहून घेतलेल्या हजारो पत्त्यांसाठी ते सोपं नसतं. मी मात्र सोपं समजून सगळी यादी एका दुपारी चालवून टाकली. फक्त गावाचा भाग पाठवला, माणसांची नावं नाही, एवढी एक अक्कल तेव्हा होती.

संध्याकाळी नकाशा तयार होता. एकही ओळ रिकामी नव्हती, म्हणून मी खूश होते. खरं तर तीच धोक्याची खूण होती. जिओकोडरला गाव सापडलं नाही तर तो सहसा गप्प बसत नाही, जवळचं काहीतरी देतो. गाव नाही सापडलं तर तालुक्याचा मध्य, तालुकाही कळला नाही तर जिल्ह्याचा मध्य, आणि नाव दुसरीकडे सापडलं तर सरळ तिथलं टिंब.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भाऊंनी नकाशा पाहिला आणि विचारलं, "ताई, इथं बजाज चौकाजवळ एवढे लोक कसे काय राहून राहिले? हे सारे त खेड्यावरचे आहेत ना?"

मी जवळ जाऊन पाहिलं. ज्याला मी एक टिंब समजत होते, ती एकावर एक रचलेली शेकडो टिंबं होती. सगळ्यांचे अक्षांश-रेखांश शेवटच्या अंकापर्यंत एकसारखे. शंभर माणसं एकाच बिंदूवर राहत नाहीत. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: कोणत्याही नकाशाच्या यादीत एकच आकडा पुन्हा पुन्हा आला, तर तो बहुतेक पत्ता नसतो, मशीनने मानलेली हार असते.

आणि मग कारंज्याचे आजोबा. आमच्या तालुक्याचं नाव कारंजा (घाडगे). शिबिरातल्या मुलाने नुसतं `Karanja` लिहिलं होतं. जिओकोडरने ते टिंब वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) इथं टाकलं. गाडीचा रस्ता बनवताना मी जिल्ह्याबाहेरची टिंबं "चुकून आलेली" म्हणून गाळली, आणि त्यांच्याबरोबर आजोबाही गाळले गेले. त्या महिन्यात कारंज्याला गाडी गेली, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली, आणि त्यांचा डोळा न तपासताच परत आली. त्यांच्या नावापुढचा फोन पुण्यातल्या मुलाचा होता.

आजोबा शेवटी एसटीने स्वतःच आले. डोळा लाल होता, पाणी येत होतं. वेळेवर आले म्हणून थेंबांवर निभावलं. मी त्यांना पत्ता विचारला, तर म्हणाले, "पोरी, नुसतं कारंजा म्हणशील त कोणाले समजन? घाडगे म्हन. आमी लहानपणापासून घाडगेच लिहितो."

त्या वाक्याने मला घाम फुटला. कारण यादी साफ करताना मी पहिली गोष्ट केली होती ती ही, की कंसातलं सगळं उडवून टाकलं होतं.

इंटरनेटवरच्या कुठल्याही धड्यात डेटा साफ करायची पहिली पायरी तीच असते: स्वल्पविराम, टिंबं, कंस काढा, सगळी अक्षरं लहान करा. आमच्या जिल्ह्यात मात्र गावाची ओळख कंसातच असते. सिंदी (रेल्वे) हे सेलू तालुक्यातलं स्टेशनाचं गाव, आणि सिंदी (मेघे) ही वर्धा शहराला चिकटलेली वस्ती. दोघांमध्ये सुमारे तीस किलोमीटर. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे) हीसुद्धा अशीच. तळेगाव म्हटलं की पुण्याकडच्यांना दाभाडे आठवतात, आमच्याकडे तळेगाव (श्यामजीपंत) आहे. वायगाव (निपाणी) वेगळं आणि हळदीचं वायगाव वेगळं. नावांचा हा घोळ लोकांनी कित्येक पिढ्यांपूर्वी ओळखला होता आणि त्यावर उपायही करून ठेवला होता. मी तो उपाय कचरा समजून पुसला होता.

तेव्हा मी सगळं थांबवलं आणि नव्याने सुरुवात केली. मूळ पत्त्याच्या रकान्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. जे लिहिलं गेलं ते तसंच राहणार, आणि माझा निर्णय शेजारच्या नव्या रकान्यात येणार. उद्या मी चुकले असं कळलं तर मागे जायला वाट हवी. दुसरा नियम, कंस काढायचा पण फेकायचा नाही. नाव एका रकान्यात, कंसातला शब्द दुसऱ्यात.

मग आल्या स्पेलिंगच्या गमती. आमच्या गावाचं सरकारी इंग्रजी स्पेलिंग `Seloo`. इंग्रजांच्या काळी 'ऊ'साठी दोन ओ लिहायची पद्धत होती, ती तशीच राहिली. आमच्या बाबांच्या कागदांवर `Seloo` आहे, माझ्या मार्कशीटवर `Selu`. देवळी हे `Deoli` असतं आणि फोनवर टाइप करणारे `Devli` लिहितात. पवनार `Paunar` असतं, `Pawnar` असतं, `Pavnar` असतं. वर्ध्यालासुद्धा कोणी `Vardha` करतं. यातलं कोणतंही चूक नाही. प्रत्येक जण आपल्या कानाला ऐकू येतं ते लिहितो.

या सगळ्यांना एका साच्यात आणण्यासाठी मी एक छोटी किल्ली लिहिली. ती नाव सुधारत नाही, फक्त जुळवण्यापुरतं एक कामचलाऊ रूप देते.

```python
def key(s):
    s = s.lower().strip()
    for a, b in [("oo", "u"), ("ee", "i"), ("aa", "a"),
                 ("w", "v"), ("au", "av"),
                 ("deo", "dev"), ("gaon", "gav")]:
        s = s.replace(a, b)
    return s
```

यातून `Seloo` आणि `Selu` दोन्ही `selu` होतात. `Deoli` आणि `Devli` दोन्ही `devli`. पवनारची तिन्ही रूपं `pavnar`. एका संध्याकाळी यादीतली निम्मी भांडणं मिटली, आणि मला वाटलं की आता आपण शहाण्या झालो.

म्हणून मी आणखी एक नियम घालायला गेले: `sh` चं `s` करायचं. शिबिरातल्या वह्यांमध्ये श आणि स यांची अदलाबदल खूप होती, म्हणून तो नियम बरोबरच वाटला. तो मी चालवणार इतक्यात शेजारच्या टेबलवरच्या अकाउंटंट काकू म्हणाल्या, "मग शेगाव आणि सेगाव एकच करशील का? गांधीजींना गावाचं नाव बदलावं लागलं होतं त्यापायी."

मला सेवाग्राम ठाऊक होतं. शाळेच्या सहली तिथंच जायच्या. पण ते आधी सेगाव होतं हे परीक्षेपुरतं वाचून मी विसरले होते. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या या सेगावात राहायला आले. देशभरातून, परदेशातून पत्रं यायची. तिकडे बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, गजानन महाराजांचं, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचं मोठं स्टेशन. इंग्रजीत एकाचं `Segaon`, दुसऱ्याचं `Shegaon`. टपाल छाटणारा माणूस ओळखीचं नाव आधी वाचणार, हे उघड आहे. पत्रं तिकडे जायची. गांधीजींच्या त्या काळातल्या पत्रांवर वरच्या कोपऱ्यात "सेगाव, वर्धा" असं असायचं. म्हणजे त्यांनाही गावापुढे वर्धा जोडावं लागत होतं, आजोबांना घाडगे जोडावं लागतं तसंच. शेवटी १९४० साली गावाचं नावच सेवाग्राम झालं.

काकूंचं बोलणं ऐकून मी कागदावर एक हिशेब मांडला. दोन शब्दांमधलं अंतर मोजायची एक साधी पद्धत आहे: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. शुद्धलेखन तपासणारे बरेच प्रोग्राम याच धर्तीवर चालतात. `Segaon` चं `Shegaon` करायला एक अक्षर घालावं लागतं. अंतर १. जमिनीवर सेवाग्राम ते शेगाव दोनशे किलोमीटर. `Seloo` चं `Selu` करायला एक ओ बदलून यू करायचा आणि दुसरा काढायचा. अंतर २. जमिनीवर शून्य किलोमीटर, कारण ते एकच गाव आहे. आणि देवनागरीत आमचं सेलू आणि परभणीचं सेलू यांच्यातलं अंतर ०. जमिनीवर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

हे तीन आकडे मी टेबलसमोरच्या भिंतीवर चिकटवले. अक्षरांमधलं अंतर आणि गावांमधलं अंतर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. जो प्रोग्राम "एका अक्षराचाच फरक आहे, जुळवून टाकू" असं म्हणतो, तो आधी सेगावची पत्रं शेगावला पाठवतो आणि मग `Seloo` आणि `Selu` ही दोन वेगळी गावं समजतो. मी तोवर समजत होते की माझं काम एका गावाची अनेक स्पेलिंगं एकत्र आणण्याचं आहे. तेवढ्याच महत्त्वाचं काम उलट दिशेचं होतं, एका स्पेलिंगमधली अनेक गावं वेगळी ठेवण्याचं. पहिलं काम किल्ली करते. दुसरं किल्लीला कधीच जमणार नाही, कारण दुसऱ्याचं उत्तर नावात नसतंच.

मग ते कुठे असतं? पत्त्याच्या बाकीच्या भागात. सगळ्यात आधी मी पिनकोडकडे वळले. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. गावांची सारखी नावं, वेगवेगळ्या भाषा आणि चुकीचे पत्ते हीच अडचण त्यांच्यासमोर होती. म्हणजे माझी अडचण टपाल खात्याने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ओळखली होती.

पिनचे पहिले तीन आकडे पाहिले तरी बराच उजेड पडतो. आमचा जिल्हा ४४२. शेगाव ४४४. कारंजा (लाड) ४४४. परभणीचं सेलू ४३१. म्हणजे `Karanja` पुढे ४४२ असेल तर ते घाडगेच, वाशीमचा प्रश्नच नाही. आजोबांच्या ओळीत पिन होता. मी तो जिओकोडरला पाठवलाच नव्हता, कारण मला वाटलं होतं की गावाचं नाव पुरेसं आहे.

पण पिन साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. हे मला आष्टीने शिकवलं. आमच्या जिल्ह्यात आष्टी तालुका आहे, १९४२ च्या लढ्यात तिथं माणसं गेली म्हणून लोक आष्टी (शहीद) लिहितात. बीड जिल्ह्यातही आष्टी तालुका आहे, त्याचा पिन ४१४ ने सुरू होतो, तो लगेच वेगळा निघतो. पण गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातही एक आष्टी आहे, आणि गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा या तिन्ही जिल्ह्यांत ४४२ ने सुरू होणारे पिन आहेत. तिथं तीन आकडे गप्प. दुसरं म्हणजे एका पिनखाली अनेक खेडी असतात, आणि तिसरं म्हणजे पिन न आठवणारा माणूस सरळ ४४२००१ लिहून मोकळा होतो. तो वर्धा शहराचा. बजाज चौकातल्या गर्दीत त्यातलेही बरेच होते.

म्हणून शेवटी क्रम असा ठरला. आधी तालुका. वहीत तालुका असेल तर त्या तालुक्यातल्या गावांमध्येच किल्ली जुळवायची, बाहेर पाहायचंच नाही. गावांची यादी पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतून घेतली, तिथं प्रत्येक गावाला स्वतःचा क्रमांक आहे. नाव कसंही लिहा, क्रमांक बदलत नाही. तालुका नसेल तर जिल्हा आणि कंसातला शब्द. तरी दोन गावं उरली तर पिन. तरीही दोन उरली तर रकाना रिकामा ठेवायचा आणि फोन लावायचा.

रिकामा रकाना ठेवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधीच्या नकाशात एकही ओळ रिकामी नव्हती याचा मला अभिमान होता, आणि आता साहेबांसमोर रिकाम्या ओळी न्यायच्या होत्या. पण रिकामी ओळ दिसते. तिच्यावर कोणीतरी बोट ठेवतं, फोन करतं. परभणीत पडलेलं टिंब भरलेलं दिसतं, म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

सिंदीचं एक उदाहरण सांगते. एका ओळीत `Sindi`, जिल्हा वर्धा, तालुका कोरा, पिन ४४२००१. किल्लीने दोन्ही सिंदी दिल्या. पिन बघून कोणीही मेघे म्हणेल, आणि पहिल्या खेपेला मी म्हटलंही असतं. पण हा पिन आमच्याकडे कसा वापरला जातो ते आता ठाऊक होतं, म्हणून ओळ रिकामी ठेवली आणि फोन केला. बाई म्हणाल्या, "स्टेशनाच्या मांगं या, कोणालेबी विचारा." सिंदी (रेल्वे). पिन वर्ध्याचा का, विचारलं तर म्हणाल्या, नोंद करताना मुलाने विचारलं कोणता जिल्हा, त्यानेच टाकला असेल.

सगळं झाल्यावर दोन तपासण्या ठेवल्या, त्या आजही चालतात. पहिली, कुंपण. आमचा जिल्हा साधारण २०.३ ते २१.४ अक्षांश आणि ७८.० ते ७९.३ रेखांश यांच्या चौकटीत बसतो. टिंब चौकटीबाहेर गेलं तर ते गाळायचं नाही, उलट सगळ्यात आधी उघडून बघायचं. इथं एक गंमत आहे. शेगाव आणि सेवाग्राम जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नुसता अक्षांश तपासला असता तर शेगावचं टिंब आरामात पास झालं असतं. रेखांश मात्र एक ७६.७, दुसरा ७८.७. दुसरी तपासणी, ढीग. एकाच बिंदूवर पाचपेक्षा जास्त माणसं आली आणि ती वेगवेगळ्या गावांची असली, तर तो बिंदू गाव नाही.

आणि एक तिसरी, जी कोडमध्ये बसत नाही. नकाशा छापायचा आणि ड्रायव्हर भाऊंसमोर ठेवायचा. ते पाच मिनिटांत तीन गावांवर बोट ठेवतात आणि म्हणतात, "इथं रस्ताच नाही ताई, हे गाव नाल्याच्या पलीकडं आहे." बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं. मग माझ्या तक्त्यात "कोणी ठरवलं" नावाचा जो रकाना आहे, त्यात मी "फोन", "पिन", "तालुका" यांच्याबरोबर "भाऊ" असंही लिहिते.

कारंज्याच्या आजोबांची ओळ मी हाताने दुरुस्त केली. मूळ रकान्यात अजून नुसतं `Karanja` आहे, ते तसंच राहील. शेजारच्या रकान्यात घाडगे आहे. पुढच्या महिन्यात गाडी त्यांच्या गल्लीत थांबली तेव्हा मीही बरोबर होते. ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "या वेळी बरोबर आली गाडी." मग फॉर्म हातात घेऊन, नव्या डोळ्याने, पत्त्याची ओळ त्यांनी स्वतः वाचून पाहिली.